‘लॉगर कोणी लावले?’ : फसलेला प्रकल्प, त्यानंतरची मीटिंग आणि मंगळाचा एक अहवाल



पेटची तयारी करताना तुम्ही गृहीतक म्हणजे काय, नमुना कसा निवडायचा, कोणती चाचणी कधी लावायची, हे सगळं पाठ करता. मीही केलं होतं. पण सहा महिन्यांचं काम वाया गेल्यावर सोमवारच्या मीटिंगमध्ये नेमकं काय विचारायचं असतं, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. ते मी आमच्याच एका फसलेल्या कामातून शिकले, आणि तेही पहिल्या मीटिंगमध्ये नाही, दुसऱ्या मीटिंगमध्ये. मधल्या काळात नासाचा एक जुना चौकशी अहवाल वाचनात आला. आज त्या अहवालाचं थोडं परीक्षण करायचं आहे. त्यात काय चांगलं आहे, कुठे तो कमी पडतो, आणि आपल्यासारख्या छोट्या गटाने त्यातून काय घ्यावं, ते बघू. आधी आमची गोष्ट सांगते, म्हणजे अहवालाकडे का वळले ते कळेल.

आमची मीटिंग

आमचा गट सह्याद्रीतल्या एका ओढ्याच्या पाण्याची पातळी मोजतो. त्यासाठी पाण्यात बुडवून ठेवायचे छोटे लॉगर असतात. ते ठरावीक वेळाने पाण्याचा दाब नोंदवतात आणि त्यावरून पातळी काढता येते. आमच्या लॉगरमध्ये साधारण २१ हजार नोंदी मावतात. दर १५ मिनिटांनी एक नोंद घेतली तर मेमरी सात महिने पुरते, म्हणजे अख्खा पावसाळा आरामात. जूनच्या सुरुवातीला चार ठिकाणी चार लॉगर लावले आणि ऑक्टोबरमध्ये काढले. चारपैकी तीन लॉगर जूनमध्येच, पंधरा दिवसांच्या आत बंद पडलेले निघाले. ते दर मिनिटाला नोंद घेत होते, त्यामुळे मेमरी भरून गेली होती. एक पावसाळा गेला तर पुढचा यायला वर्ष लागतं, हे वेगळं सांगायला नको.

मीटिंगमध्ये सरांचा पहिला प्रश्न होता, “लॉगर कोणी लावले?”

आमच्यातला सगळ्यात ज्युनिअर मुलगा मान खाली घालून म्हणाला, “सर, मी.” त्यानंतर वीस मिनिटं त्याच्याबद्दलच बोलणं झालं. शेवटी वहीत लिहिलं गेलं : ‘यापुढे लॉगर लावताना पुरेशी काळजी घ्यावी.’ मीटिंग संपली. सर काही वाईट माणूस नाहीत. प्रकल्पाच्या पैशांचा हिशोब त्यांनाच द्यायचा होता आणि ते वैतागले होते.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी त्या दिवशी मी सांगितली नाही. ओढ्यावर जायच्या आदल्या संध्याकाळी तीन लॉगर बादलीत बुडवून मी तपासले होते. पंधरा मिनिटांनी एक नोंद घेत बसलं तर तपासणीला रात्र होईल, म्हणून मी अंतर एक मिनिटाचं केलं, आणि तपासणी झाल्यावर ते परत बदललं नाही. सॉफ्टवेअरमध्ये लॉगर पुन्हा जोडला की त्याचं मागचंच सेटिंग समोर येतं. मुलाने दुसऱ्या दिवशी तेच सेटिंग पुढे चालू केलं. चौथा लॉगर कॅलिब्रेशनहून उशिरा आला होता, तो बादलीत गेलाच नाही, म्हणून तो एकटा वाचला.

मीटिंगमध्ये प्रश्न ‘लावले कोणी’ असा होता. लावले मी नव्हते. मी गप्प बसले. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चारपैकी तीनच का बंद पडले, हा साधा प्रश्न त्या खोलीत कोणीही विचारला नाही. मुलगा निष्काळजी असता तर चारही लॉगर बंद पडायला हवे होते. पण नाव मिळालं होतं, त्यामुळे शोध तिथेच थांबला.

मंगळाजवळ काय झालं होतं

आता त्या अहवालाकडे येऊ. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरताना हरवलं. यान मंगळाच्या आड गेल्यावर संपर्क तुटणार होताच, पण तो ठरलेल्या वेळेच्या ४९ सेकंद आधी तुटला आणि पुन्हा कधीच जुळला नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांनी ही गोष्ट एका वाक्यात ऐकली असेल : एका टीमने मेट्रिक एककं वापरली, दुसरीने ब्रिटिश, आणि यान गेलं. भौतिकशास्त्राच्या तासाला एककांचं महत्त्व पटवायला शिक्षक हमखास हेच उदाहरण देतात. वाक्य खोटं नाही, पण त्यात जे वगळलं जातं तेच संशोधन करणाऱ्याच्या कामाचं आहे.

या यानाचं सौर पंख एकाच बाजूला होतं. सूर्यप्रकाशाचा अगदी हलका दाब सतत एका बाजूने पडल्यामुळे यान हळूहळू फिरायला बघायचं. ते फिरणं यानातली फिरती चाकं शोषून घ्यायची, आणि चाकांचा वेग फार वाढला की छोटे थ्रस्टर उडवून तो कमी करावा लागायचा. असा प्रत्येक फवारा यानाला मार्गावरून किंचित ढकलतो. पृथ्वीवरचं एक सॉफ्टवेअर प्रत्येक फवाऱ्याचा परिणाम मोजून एक फाइल तयार करायचं आणि मार्ग आखणारी टीम ती फाइल वापरायची. करारानुसार आकडे न्यूटन-सेकंदात हवे होते, फाइलमध्ये ते पाउंड-सेकंदात येत होते. एक पाउंड बल म्हणजे ४.४५ न्यूटन. म्हणजे प्रत्येक ढकल प्रत्यक्षात होती त्याच्या चौथ्या हिश्श्याहून लहान धरली जात होती. आणि असे फवारे अपेक्षेपेक्षा १० ते १४ पट जास्त वेळा उडवावे लागत होते, कारण सौर पंख एकाच बाजूला आहे याचा हा परिणाम मार्ग आखणाऱ्यांच्या अंदाजात नव्हता.

१५ सप्टेंबरला मार्ग सुधारला तेव्हा यान मंगळाच्या पृष्ठभागापासून २२६ किलोमीटरवरून जाईल असा हिशोब होता. पुढच्या काही दिवसांत हिशोब १५० ते १७० वर आला. कक्षेत शिरण्याच्या सुमारे एक दिवस आधी तो ११० झाला. यान ८० किलोमीटरपर्यंत टिकलं असतं. नंतर गणित केल्यावर कळलं, ते ५७ किलोमीटरवरून गेलं होतं.

अहवालातली जमेची बाजू

चौकशी मंडळाचा पहिल्या टप्प्याचा अहवाल १० नोव्हेंबर १९९९ रोजी आला, म्हणजे घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत. घाई होती, कारण दुसरं यान, मार्स पोलर लँडर, डिसेंबरच्या सुरुवातीला मंगळावर उतरणार होतं आणि त्याला काही धडा मिळतो का ते बघायचं होतं. अहवाल फार मोठा नाही, एका दुपारी वाचून होतो. संशोधनात पडणाऱ्याने तो जरूर वाचावा.

पहिली चांगली गोष्ट अशी की, त्या सॉफ्टवेअरची ती ओळ कोणी लिहिली, हे अहवाल सांगत नाही. इतकं मोठं नुकसान झाल्यावर वर्तमानपत्रांना नाव हवंच असतं. मंडळाने मूळ कारण सांगितलं, त्याला हातभार लावणारी आठ कारणं मांडली, आणि ती सगळी कामाच्या रचनेबद्दल आहेत : मार्ग आखणाऱ्यांची यानाशी नीट ओळख नव्हती, त्यांची माणसं कमी होती, प्रशिक्षण अपुरं होतं, टीमांमधला संवाद तोकडा होता, पृथ्वीवरच्या सॉफ्टवेअरची तपासणी यानातल्या सॉफ्टवेअरइतकी कडक नव्हती, वगैरे.

दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. नासाचे अंतराळ विज्ञान विभागाचे प्रमुख एडवर्ड वायलर यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं की माणसं कधीतरी चुकतातच. अडचण त्या चुकीची नव्हती, ती चूक पकडणाऱ्या व्यवस्थेची होती. या वाक्याने प्रश्न बदलतो. ‘चूक कोणी केली’ याचं उत्तर एक नाव असतं. ‘नऊ महिने ही चूक कुणाच्याच हाती का लागली नाही’ याचं उत्तर द्यायला मात्र सगळ्यांना बोलावं लागतं. ज्याला दोषविरहित आढावा किंवा ब्लेमलेस रिव्ह्यू म्हणतात, त्याचं सार या दुसऱ्या प्रश्नात आहे. हा शब्द सॉफ्टवेअरच्या जगात पसरला तो पुढे, २०१२ साली जॉन ऑलस्पॉ यांनी एट्सी कंपनीतल्या पद्धतीबद्दल लिहिल्यानंतर. विमान अपघातांच्या आणि रुग्णालयांतल्या चुकांच्या अभ्यासात हा विचार आधीपासून होता.

जिथे अहवाल कमी पडतो

आता माझी तक्रार. आठही कारणं एका दमात वाचून बघा. ‘केलं नाही’, ‘अपुरं होतं’, ‘समजलं नाही’, ‘नीट झालं नाही’. जवळजवळ प्रत्येक कारण म्हणजे न घडलेल्या गोष्टीचं वर्णन आहे. नावं काढली, पण वाक्यांचा सूर तोच राहिला : आदर्श कामाशी तुलना करायची आणि फरकाला कारण म्हणायचं. सिडनी डेकर या अपघात-अभ्यासकाचा आक्षेप नेमका हाच आहे. जे घडलं नाही ते काय व्हायला हवं होतं एवढंच सांगतं. जे घडलं ते का घडलं, हे त्यातून कळत नाही.

एक उदाहरण खोलात घेऊ. उड्डाणानंतरचे पहिले चार महिने त्या फाइल्स वापरताच आल्या नाहीत. त्यांच्या फॉरमॅटमध्ये चुका होत्या आणि यान कोणत्या दिशेला वळलेलं आहे याचे आकडेही चुकीचे येत होते. तोवर यान बनवणारी कंपनी थ्रस्टर कधी उडाले ते ईमेलने कळवायची आणि मार्ग आखणारे त्यावरून काम भागवायचे. एप्रिल १९९९ मध्ये फाइल्स दुरुस्त होऊन वापरात आल्या, आणि आठवड्याच्या आतच मार्ग आखणाऱ्यांच्या लक्षात आलं की आकडे जुळत नाहीत. म्हणजे चूक एप्रिलमध्येच दिसली होती! यान हरवायच्या पाच महिने आधी.

मग काय झालं? त्यांनी शंका ईमेलने विचारली. अशा शंकेसाठी एक अधिकृत नोंदपद्धत होती, तिचं नाव ‘घटना, आश्चर्य, विसंगती’ अशा अर्थाचं. तिथे नोंद झाली असती तर ती कोणीतरी बंद करेपर्यंत उघडी राहिली असती. ईमेल मात्र इनबॉक्समध्ये खाली सरकत गेली. अहवाल म्हणतो, अधिकृत पद्धतीऐवजी ईमेलवर विसंबल्यामुळे ही अडचण फटीतून निसटली.

इथे अहवाल थांबतो, आणि माझ्या मते खरी चौकशी इथून सुरू व्हायला हवी होती. आपण त्या टेबलावर बसलोय असं समजा. चार महिने फाइल बिघडलेलीच होती, त्या काळात सगळं काम ईमेलनेच चाललं होतं आणि ठीक चाललं होतं. आता दुरुस्त झालेल्या फाइलमध्ये पुन्हा काहीतरी विचित्र दिसतंय. पुराव्यात काय आहे? डॉप्लर मोजमापाने यान आपल्याकडे येतंय की दूर जातंय एवढं नीट कळतं. थ्रस्टरची ढकल बहुतेक करून त्या रेषेला आडवी होती, त्यामुळे ती मोजमापात फार अंधूक दिसायची. म्हणजे तुमच्याकडे ठाम पुरावा नाही, नुसती शंका आहे. तुम्ही त्याच वेळी आणखी दोन यानं चालवताय. अशा वेळी अधिकृत फॉर्म भरणं म्हणजे दुसऱ्या संस्थेच्या कामावर बोट ठेवणं. त्यापेक्षा ज्या वाटेने चार महिने उत्तरं मिळत होती, त्याच वाटेने विचारणं स्वाभाविक नाही का?

हे मी माझं वाचन म्हणून सांगतेय, अहवालात ते असं लिहिलेलं नाही. त्या माणसांना नेमकं काय वाटलं होतं, हे त्यांनाच विचारून लिहायला हवं होतं, आणि ते अहवालात दिसत नाही, हीच तक्रार आहे. ‘फॉर्म भरला नाही’ असं लिहिलं की सुधारणा निघते ‘फॉर्म भरत जा’. ‘फॉर्म भरायला किती पुरावा लागतो असं लोकांना वाटत होतं?’ असं विचारलं असतं तर कदाचित वेगळी सुधारणा निघाली असती : नुसती शंका असली तरी दोन ओळींत नोंदवता येईल आणि उत्तर मिळेपर्यंत उघडी राहील अशी जागा.

आणखी एक गोष्ट. ‘मूळ कारण’ असं शीर्षक देऊन त्याखाली एककांची चूक लिहिल्यामुळे जगाने तेवढंच उचललं. आठ कारणं अहवालातच राहिली. पोलर लँडर ३ डिसेंबर १९९९ ला उतरताना हरवला आणि त्याचं सर्वांत शक्य कारण अगदीच वेगळं निघालं : पाय उघडताना बसलेला झटका ‘जमिनीला टेकलो’ असा वाचून सॉफ्टवेअरने इंजिन आधीच बंद केलं असावं. एककं तपासून हे सापडलं नसतं. एकच मूळ कारण शोधण्याचा हा तोटा आहे : पुढची चूक सहसा त्याच जागी होत नाही.

मागे वळून पाहताना होणारा घोळ

‘इतकं स्पष्ट होतं, दिसलं कसं नाही?’ असं आपल्याला नेहमी वाटतं. हे वाटणं किती फसवं आहे, ते बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली दाखवलं. त्यांनी लोकांना १८१४ सालच्या इंग्रज-गुरखा लढ्याची माहिती वाचायला दिली. काहींना शेवट सांगितला नाही, काहींना वेगवेगळे शेवट खरे म्हणून सांगितले. मग विचारलं, शेवट माहीत नसता तर तुम्ही कोणत्या निकालाची किती शक्यता धरली असती? ज्यांना जो शेवट सांगितला होता, त्यांना तोच आधीपासून जास्त शक्य वाटला. आणि त्या शेवटाशी जुळणारी माहिती त्यांना जास्त महत्त्वाची वाटली.

आढाव्यात हे असं उतरतं : यान हरवलंय हे कळल्यावर एप्रिलमधली ईमेल लाल अक्षरांत दिसायला लागते. एप्रिलमध्ये ती इतर शेकडो ईमेलसारखीच होती. म्हणून आढावा घेताना पहिलं काम असतं ते म्हणजे त्या वेळी त्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय होतं ते परत मांडणं. नंतर कळलेलं सगळं तात्पुरतं बाजूला ठेवायचं.

आमची दुसरी मीटिंग

पुढच्या पावसाळ्यात तोच ज्युनिअर मुलगा लॉगर लावायला गेला. सेटिंग या वेळी अचूक होतं. पण एका जागी पाइप खडकाला धरून ठेवणारी क्लॅम्प गंजलेली त्याने पाहिली आणि कोणालाही सांगितलं नाही. जुलैच्या पुरात पाइप लॉगरसकट वाहून गेला. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, मागच्या वेळी ‘मी’ म्हणालो, ते पुरे झालं. क्लॅम्पचं सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग तूच का नाही बदललीस.”

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले आणि बादलीची गोष्ट सांगितली, वर्षभर उशिरा. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुन्हा बसू. या वेळी मी शेवटी बोलेन.” ही दुसरी मीटिंग कशी घेतली ते क्रमाने सांगते, कारण तुम्हाला कधीतरी ती घ्यावी लागेल.

मीटिंगच्या आधी प्रत्येकाने एकट्याने, कुणाशी न बोलता, आपल्यापुरता घटनाक्रम लिहिला : किती वाजता, काय केलं, समोर काय दिसत होतं, तेव्हा काय वाटलं. एकत्र बसून लिहायला घेतलं असतं तर सरांचं किंवा माझं म्हणणंच सगळ्यांची आठवण झालं असतं. मग सगळे घटनाक्रम फळ्यावर एकाखाली एक मांडले. मीटिंग चालवायला शेजारच्या लॅबमधली एक पोस्टडॉक ताई बोलावली, जिचा या कामाशी काही संबंध नव्हता. घटनाक्रम पूर्ण होईपर्यंत ‘का’ हा शब्द वापरायचा नाही, असं तिने बजावलं. तुम्ही करून बघा. ‘तू इंटरव्हल का नाही बघितलंस?’ याला उत्तर म्हणून माणूस स्वतःचा बचाव करतो. ‘लॉगर चालू करताना स्क्रीनवर काय काय दिसत होतं?’ याला उत्तर म्हणून तो आठवायला लागतो.

आणि काय काय बाहेर आलं बघा. मुलाने सांगितलं की पाऊस चालू होता, लॅपटॉप छत्रीखाली धरला होता आणि बॅटरी संपत आली होती. त्याच्या हातातल्या नोंदपत्रकात रकाने होते लॉगर क्रमांक, जागा, वेळ आणि बॅटरी. अंतराचा रकानाच नव्हता. त्याने पत्रक काटेकोरपणे भरलं होतं! मेमरी किती दिवस पुरेल हे स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतं, पण तो आकडा बघायचा असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं की तपासणीनंतर सेटिंग परत करायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि सहाची बस पकडायची म्हणून मी लॉगर पेटीत टाकून निघाले होते. सर म्हणाले की जुलैमध्ये एक फेरी मारून डेटा उतरवायचं मूळ बेतात होतं, गाडीभाड्याचे पैसे वाचवायला ती फेरी त्यांनीच रद्द केली होती. ही फेरी झाली असती तर तीन लॉगर जुलैमध्येच पुन्हा चालू झाले असते आणि निम्म्याहून जास्त पावसाळा हाती लागला असता.

‘काळजी घ्यावी’ या एका ओळीच्या जागी आता चार माणसांची चार माहितीची टोकं जुळली होती, आणि त्यातली तीन पहिल्या मीटिंगमध्ये कोणाच्याही तोंडून निघाली नव्हती.

सुधारणा कशी लिहायची

शेवटचा भाग सगळ्यात जास्त फसतो, म्हणून थोडं थांबून सांगते. ‘काळजी घेणे’, ‘लक्ष देणे’, ‘संवाद वाढवणे’ अशा सुधारणा दिसल्या की समजायचं, आढावा झालेलाच नाही. त्या माणसाच्या स्मरणशक्तीवर टाकलेल्या आहेत, आणि पावसात छत्रीखाली स्मरणशक्ती असेलच असं नाही.

आम्ही दोनच सुधारणा लिहिल्या. पहिली चूक होऊ नये म्हणून : पत्रकात ‘मेमरी किती दिवस पुरेल असं स्क्रीन दाखवते?’ हा रकाना. हा आकडा स्क्रीनकडे बघितल्याशिवाय भरताच येत नाही, आणि १४ लिहिताना कुणाचाही हात थबकेल. दुसरी, चूक झालीच तर लवकर पकडावी म्हणून : लावल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत एक फेरी, आणि तिचे पैसे बजेटमध्ये वेगळे. प्रत्येक सुधारणेपुढे एक नाव आणि एक तारीख. नाव इथे लिहायचं असतं, चुकीपुढे नाही.

सुधारणा लागू पडतेय की नाही हे कसं ओळखायचं? आम्ही त्यासाठी एक सोपी खूण ठेवली. किरकोळ अडचणी लोक आपणहून सांगायला लागले का? त्यानंतरच्या पावसाळ्यात भिंतीवरच्या कागदावर अकरा नोंदी झाल्या. त्याआधीच्या वर्षी एकही नव्हती. अडचणी वाढल्या असं नाही, त्या बोलल्या जायला लागल्या.

मर्यादाही लक्षात घ्या

दोष द्यायचा नाही याचा अर्थ जबाबदारी नाही, असा काढू नका. उलट मला वर्षभर लपवलेली गोष्ट सगळ्यांसमोर सांगावी लागली, ते ओरडा खाण्यापेक्षा सोपं नव्हतं. आणि सगळ्याच गोष्टी या पद्धतीत बसत नाहीत. कोणी जाणूनबुजून डेटा बनवला असेल, तर तो संशोधनातला गैरप्रकार आहे. त्याची चौकशी संस्थेच्या समितीने करायची असते, लॅबच्या फळ्यावर नाही. दोन्ही एकाच मीटिंगमध्ये मिसळले तर प्रामाणिक माणूसही तोंड उघडणार नाही.

दुसरी मर्यादा आपल्याकडे जास्त जाणवते. ज्याच्या सहीवर तुमची फेलोशिप आणि प्रबंध अवलंबून आहे, त्याच्यासमोर ‘मी चुकलो’ म्हणायला ‘इथे कुणी दोष देणार नाही’ एवढं आश्वासन पुरत नाही. आमच्याकडे गोष्ट जमली ती गाडीभाड्याची गोष्ट सरांनी स्वतः सांगितली म्हणून. वरच्या माणसाने आपला वाटा फळ्यावर लिहिला की खालच्यांना लिहिता येतो. ते होणार नसेल, तर आढावा निदान सरांशिवाय, आपल्या-आपल्यात तरी घ्या. अर्धा मिळेल, पण मिळेल. आणि त्यात जे बोललं गेलं, ते प्रगती अहवालात किंवा शिफारसपत्रात कधीही उतरू नये, एवढं आधी ठरवा.

म्हणून तुमच्या गटाची पुढची फसलेली मीटिंग होईल, आणि ती होणारच, तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणी’ने सुरू होतोय का तेवढं बघा. होत असेल तर तुमच्या बादलीची गोष्ट तुम्हीच आधी सांगा. मला ते जमायला एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षात आणखी एक लॉगर वाहून गेला.

तुमच्या लॅबमधला अनुभव वेगळा असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या लेखात.